साठेखतातली तारीख चुकली, पैसे उशिरा दिले. मग व्यवहार मोडतो का?

संगमनेरमध्ये पुणे-नाशिक महामार्गाच्या आजूबाजूला प्लॉटचे व्यवहार सतत चालू असतात. पुणे-नाशिक रेल्वेच्या मार्गाची चर्चा निघाली की भावही हलतात. साठेखत झाल्यावर भाव वाढले की विकणाऱ्याचं लक्ष एका ओळीकडे जातं : 'मुदत हा या कराराचा मुख्य गाभा आहे.' घेणाऱ्याने दहा-बारा दिवस उशीर केला की विकणारा म्हणतो, "मुदत संपली, करार रद्द."

पण एवढ्याने करार खरंच रद्द होतो का?

एक उदाहरण घेऊ

समजा, संगमनेरजवळच्या एका प्लॉटचा सौदा 30 लाखांना ठरला. 1 जानेवारीला साठेखत झालं आणि त्याच दिवशी 5 लाख विसार दिला. पुढचे 10 लाख 31 मार्चपर्यंत द्यायचे आणि उरलेले 15 लाख 30 जूनपर्यंत खरेदीखताच्या वेळी द्यायचे, असं ठरलं. 'मुदत हा मुख्य गाभा' ही ओळही साठेखतात आहे.

घेणाऱ्याचं कर्ज लांबलं आणि 10 लाख 31 मार्चऐवजी 12 एप्रिलला आरटीजीएसने जमा झाले. विकणाऱ्याने पैसे ठेवून घेतले, काहीच बोलला नाही. मे महिन्यात शेजारचा प्लॉट 40 लाखांना गेला. मग जूनमध्ये त्याने कळवलं की 31 मार्चची तारीख चुकली होती, त्यामुळे करार संपला.

कायदा काय म्हणतो?

उत्तर भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 55 मध्ये आहे. या कलमाचे तीन भाग आहेत.

पहिला : दोघांनी वेळ हाच कराराचा गाभा मानला असेल आणि एकाने ती पाळली नाही, तर दुसरा करार रद्द करू शकतो. करार आपोआप रद्द होत नाही. रद्द करायचा की नाही, हे दुसऱ्याने ठरवायचं असतं.

दुसरा : वेळ हा गाभा नसेल तर उशीर झाला म्हणून करार रद्द करता येत नाही. उशिरामुळे नुकसान झालं असेल तर भरपाई मागता येते.

तिसरा : करार रद्द करण्याचा हक्क असूनही उशिरा दिलेलं स्वीकारलं, तर नंतर त्या उशिराची भरपाईही मागता येत नाही. स्वीकारतानाच 'मी भरपाई मागणार आहे' असं कळवलं असेल तरच ती मागता येते.

आपल्या उदाहरणात विकणाऱ्याची बाजू या तिसऱ्या भागामुळे कमकुवत होते. 12 एप्रिलचे पैसे त्याने हरकत न घेता दोन महिने ठेवून घेतले. त्यानंतर 31 मार्चच्या तारखेवर बोट ठेवून करार मोडणं कोर्टात टिकणं अवघड आहे.

मग ती ओळ कशासाठी लिहितात?

जमिनीच्या सौद्यात वेळ हा सहसा गाभा मानला जात नाही. हे तत्त्व मुंबईच्या एका जुन्या खटल्यातून पक्कं झालं. जमशेद खोदाराम इराणी विरुद्ध बुर्जोरजी धनजीभाई या खटल्यात करार 1911 चा होता आणि मुदत दोन महिन्यांची होती. मुदतीत पैसे दिले नाहीत तर विसारावर हक्क राहणार नाही, अशी अटही होती. मुदत उलटल्यावर विकणाऱ्याने करार संपल्याचं सांगितलं. 1915 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ते मान्य केलं नाही. कागदावर फक्त तारीख आणि विसार जप्तीची अट असणं पुरेसं नाही, दोघांचा हेतू स्पष्ट दिसला पाहिजे, असा या निकालाचा अर्थ होता.

हेतू स्पष्ट दिसला तर निकाल उलटाही लागतो. चांद राणी विरुद्ध कमल राणी या दिल्लीतल्या घराच्या खटल्यात किंमत 1 लाख 78 हजार होती. 30 हजार आधी दिले होते आणि 98 हजार 'फक्त दहा दिवसांत' द्यायचे होते. घेणारीने आधी इतर कागदांची पूर्तता मागितली आणि पैसे दिले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने डिसेंबर 1992 मध्ये निकाल दिला की इथे वेळ हा गाभा होता. घेणारी हरली.

त्यामुळे कोर्ट एकच ओळ वाचत नाही. कोणता हप्ता कधी द्यायचा हे किती ठामपणे लिहिलंय, उशिराचा परिणाम लिहिलाय का आणि दोघे नंतर कसे वागले, हे सगळं पाहतं.

भाव वाढल्याचा काही संबंध आहे का?

आहे. मदुराईच्या एका घराच्या खटल्यात (के. एस. विद्यानादम, 1997) घेणाऱ्याने 60 हजारांपैकी 5 हजार दिले होते. व्यवहार सहा महिन्यांत पुरा करायचा होता, पण तो अडीच वर्षं गप्प बसला. दरम्यान भाव कितीतरी वाढले. सर्वोच्च न्यायालयाने त्याला खरेदीखत मिळवून दिलं नाही. वेळ हा गाभा नसला, तरी कराराची तारीख निरर्थक होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

2011 मध्ये सारदामणी कंदप्पन खटल्यात न्यायालयाने आणखी एक फरक केला. खरेदीखताची तारीख लवचीक असली, तरी हप्त्यांच्या तारखा पक्क्या असू शकतात. शहरांत भाव झपाट्याने वाढत असताना 'जमिनीत वेळ महत्त्वाची नाही' हे जुनं गृहीतक पुन्हा तपासायला हवं, असंही न्यायालयाने सुचवलं.

मग कोणी काय करायचं?

विकणाऱ्याला मुदत खरंच पाळायची असेल, तर उशिरा आलेले पैसे गुपचूप ठेवू नयेत. त्याच दिवसांत लेखी हरकत घ्यावी. आधी सूट दिली असेल, तर स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून वाजवी नवी मुदत द्यावी आणि ती चुकली तर करार रद्द होईल हे स्पष्ट लिहावं. पण स्वतःचीच कामं बाकी असतील, म्हणजे मोजणी झालेली नसेल किंवा सातबाऱ्यावरचा बँकेचा बोजा उतरलेला नसेल, तर घेणाऱ्याकडे बोट दाखवणं अवघड जातं.

घेणाऱ्याने उशीर होणार असेल तर तो आधी कळवावा आणि मुदतवाढ लेखी घ्यावी. दोघांच्या सह्यांचा पुरवणी करार सगळ्यात सुरक्षित असतो. फोनवरचं 'चालेल हो' नंतर सिद्ध करणं कठीण जातं. 30 जून जवळ आल्यावर 15 लाख तयार आहेत याचा पुरावा हवा : बँक स्टेटमेंट, कर्जमंजुरीचं पत्र, दुय्यम निबंधक कार्यालयात येण्याची तारीख कळवणारी नोटीस. 'मी तयार होतो आणि आहे' हे घेणाऱ्यालाच दाखवावं लागतं, 2018 च्या दुरुस्तीनंतरही.

आणि एक मुदत कोणीही वाढवून देत नाही. करारात खरेदीखताची तारीख ठरलेली असेल, तर त्या तारखेपासून तीन वर्षांत दावा दाखल करावा लागतो. तारीख ठरलेली नसेल, तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून ही तीन वर्षं मोजतात. पण विद्यानादम खटला सांगतो की तीन वर्षं आहेत म्हणून अडीच वर्षं वाट पाहणारा हरू शकतो.

आपल्या उदाहरणात म्हणून खरा प्रश्न 31 मार्चचा उरत नाही. 30 जूनला 15 लाख घेऊन घेणारा तयार होता का, आणि ते तो कागदावर दाखवू शकतो का, यावर प्लॉट कोणाचा हे ठरेल.