गाणं डोक्यातून जाईना!

बालमित्रांनो, पाढे पाठ करायला बसावं आणि मनात ‘ट्विंकल ट्विंकल’च घुमत राहावं, असं होतं ना? या चालीचे सूर आधी वर चढतात, मग पायरी-पायरीने खाली उतरतात. अशी सोपी चाल मनात चटकन बसते.

मनात गाताना आपण जणू आवाज न काढता गुणगुणतच असतो. म्हणून तोंडाला दुसरं काम द्या! इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या २०१५ सालच्या प्रयोगात च्युइंगम चघळणाऱ्यांना गाणं कमी वेळा आठवलं. वर्गात च्युइंगम नको हं! त्याऐवजी पाढेच मोठ्याने म्हणा. तोंड थांबलं की गाणं परत येईलही. तेव्हा एखादं शब्दकोडं सोडवा. ‘आठवायचंच नाही’ असं मात्र ठरवू नका, मग ते हटकून आठवतं!