रजा नाकारावी कशी?

दिवाळी तोंडावर आली की छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज वसाहतीतल्या कारखान्यांत रजेच्या अर्जांचा ढीग पडतो. कामगार जालना, बीड, परभणीकडचे. सणाला घरी जायची ओढ सगळ्यांनाच, आणि नेमका तेव्हाच मालाचा तगादा. या वसाहतीत कामगार खात्यात मी बरीच वर्षे काढली. तिथे पाहिलेला एक अर्ज सांगतो.

भट्टीखात्यातल्या एका कारागिराने वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत सहा दिवसांची रजा मागितली. दातेरी चाके तापवून टणक करण्याची ती भट्टी तिन्ही पाळ्यांत पेटलेली असे. ती सांभाळणारी जाणती माणसे चारच. तीन पाळ्यांना तीन आणि चौथा बदली. त्या बदलीची रजा आधीच मंजूर झालेली. उष्णतामान जरा चुकले की सबंध घाण मऊ राहते, म्हणून नवख्याला रात्री भट्टीपाशी एकटे सोडता येत नाही.

खात्याच्या तरुण मॅनेजरने उत्तर लिहून मला दाखवले : ‘कामाच्या निकडीमुळे आपली रजा मंजूर करता येत नाही. पुढे योग्य वेळी विचार करण्यात येईल.’

मराठी शुद्ध, पण यात नकार देणारा माणूसच दिसत नाही. ‘करण्यात येईल’ म्हणजे कोण करणार? ‘योग्य वेळ’ कोणत्या पंचांगात पाहायची? आणि ‘कामाची निकड’ तर बारा महिने असते; वाचणारा ते कारण खोटेच धरतो. कारण असे लिहावे की पाळ्यांचा तक्ता पाहून त्याला स्वतः पडताळता यावे.

मी म्हटले, “साहेब, लिहिण्याआधी त्यांना बोलावून एवढेच विचारा, सहांपैकी कोणता दिवस अजिबात चुकवता येणार नाही?”

विचारल्यावर कळले की मुलीचे लग्न यंदाच झालेले. जावयाचा पहिला दिवाळसण होता. नरक चतुर्दशीच्या पहाटेच्या अभ्यंगस्नानाला सासरा घरात नाही, हे कसे चालावे? इकडे माल धनत्रयोदशीला रवाना व्हायचा होता आणि चतुर्दशीपासून भट्टी साफसफाईसाठी बंदच राहायची होती. म्हणजे अडचण सहा दिवसांची नव्हतीच, पहिल्या दोनच दिवसांची होती. मग पत्र असे झाले :

‘आपण वसुबारस ते भाऊबीज अशी सहा दिवसांची रजा मागितली आहे. त्यांपैकी वसुबारस व धनत्रयोदशी या दोन दिवसांची रजा मी देऊ शकत नाही. बदली कारागिराची रजा आधी मंजूर झाली आहे आणि आपणही गेलात तर रात्रपाळीला भट्टीवर जाणता माणूस उरत नाही. नरक चतुर्दशीपासून भाऊबीजेपर्यंतची चार दिवसांची रजा मंजूर केली आहे. राहिलेले दोन दिवस भाऊबीजेला जोडून घ्यायचे असतील तर तेही मंजूर आहेत. तसे मला उद्यापर्यंत कळवा. धनत्रयोदशीला आपली पहिली पाळी लावली आहे, म्हणजे दुपारी तीनला सुटून संध्याकाळच्या एस.टी.ने गाव गाठता येईल.’

खाली मॅनेजरची स्वतःची सही. यातला ‘मी देऊ शकत नाही’ हा ‘मी’ फार मोलाचा. भांडायला समोर माणूस आहे हे कळते. आणि पर्याय आधीच मंजूर करून दिलेला आहे, विचारासाठी ठेवलेला नाही. बदली माणूस कशासाठी रजेवर चालला, हे पत्रात नाही. ते त्याचे खासगी. दिवाळसण आपल्या मते महत्त्वाचा की नाही, यावरही एक शब्द नाही.

काही मॅनेजर याहून सोपी वाट काढतात. कामगाराला चहा पाजून, “दादा, तेवढा अर्ज मागे घ्या ना,” म्हणतात. ही वाट मात्र वाईट. १९४८ च्या कारखाने कायद्यात नियम होता की शिल्लक रजा पुढच्या वर्षी नेण्याला तीस दिवसांची मर्यादा, पण मागूनही नाकारलेल्या रजेला ती मर्यादा नाही. २०२० च्या संहितेतही ही तरतूद राहिली आहे. अर्ज मागे घेतला की रजा नाकारल्याचा पुरावाच उरत नाही आणि वर्षअखेर तोटा कामगाराला. म्हणून नाकारलेले दिवस तारखांसह लिहावेत आणि एक प्रत त्याच्या हाती द्यावी.

आजारपणाच्या अर्जाला हे पत्र लावू नये, बरे का! आजारी माणसाला भट्टीचे कारण सांगून काय उपयोग? १९४८ च्या कायद्यातही रजेसाठी पंधरा दिवस आधी अर्ज करण्याची अट होती, पण आजारपणाला ती माफ होती.

आमच्या कारागिराने पत्र दोनदा वाचले आणि विचारले, “भाऊबीजेनंतरचे दोन दिवस नकोत, कापूस वेचणीला घेतले तर चालतील?” मॅनेजरने त्याच पत्राखाली नव्या तारखा घालून पुन्हा सही केली.