धूर नाही, मग हा आवाज कशाचा?

मध्यरात्र उलटून गेली आहे, घर निद्रिस्त आहे, आणि ओसरीच्या छताकडून ‘टिव्’ असा एकच तोकडा, तीक्ष्ण आवाज येतो. आपण जागे होऊन कानोसा घेता. पुन्हा सारे शांत. डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा ‘टिव्’. उठून स्वयंपाकघरात पाहावे तर शेगडी बंद, देवघरातली समई विझलेली, जळका वास कोठेही नाही. गेल्या काही वर्षांत छतावर धूरसूचक, म्हणजे बाजारात ज्याला स्मोक डिटेक्टर म्हणतात ती वाटोळी पांढरी डबी, ज्यांनी बसवून घेतली आहे अशा घरांतून ही तक्रार हमखास ऐकू येते. या आवाजाने त्रासून डबी उतरवणे, तिची बॅटरी काढणे आणि दोन्ही वस्तू कपाटावर ठेवून देणे, हा सर्वांत सोपा उपाय लोक करतात. त्या रात्रीपासून घर मात्र पहारेकऱ्यावाचून राहते.

आरंभी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खरोखर धूर असेल तर हे यंत्र असा मधूनमधून आवाज करीत नाही. बहुतेक यंत्रांत धुराचा इशारा म्हणजे तीन मोठे कर्कश आवाज, क्षणभर विसावा, पुन्हा तीन मोठे आवाज, असा अखंड गजर असतो. तो ऐकू आला तर विचार करीत बसू नये, घरातल्या माणसांना बाहेर काढावे. अर्ध्या-पाऊण मिनिटाने येणारा एकच तोकडा आवाज मात्र यंत्र स्वतःविषयी काही सांगत असल्याची खूण आहे. काय सांगते ते ओळखायचे, तर आवाज केव्हा येतो आणि त्या वेळी डबीवरचा बारीक तांबडा दिवा काय करतो, एवढे नीट पाहावे लागते.

भिलाईच्या रुआबांधा भागातील एका परिचित मराठी कुटुंबात घडलेली हकीकत येथे उपयोगी पडेल, कारण तिच्यात तिन्ही कारणे एकामागून एक आली. या घरात भाच्याने परदेशाहून आणलेला धूरसूचक स्वयंपाकघर आणि निजायची खोली यांच्यामधल्या बोळात लावलेला होता. जानेवारी 2025 मध्ये तो पहाटे तीनच्या सुमारास वाजू लागला. सकाळी ऊन वर आले की आवाज बंद. दुसऱ्या पहाटे पुन्हा सुरू. घरच्या बाईंनी शेजारच्या, कारखान्यातून निवृत्त झालेल्या विद्युत्-कारागिरांना बोलावले.

‘‘काका, धूर तर कुठेच नाही. मग हे ओरडते कशाला?’’

‘‘हे ओरडणे नव्हे, सूनबाई, हे खोकणे आहे. खोकला कोणत्या वेळी येतो ते आधी सांगा.’’

पहाटेची वेळ कळताच काकांचा संशय बॅटरीवर गेला, आणि तो रास्त होता. धूरसूचकात बहुधा नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. यंत्र सुमारे चाळीस-पंचेचाळीस सेकंदांनी आपला तांबडा दिवा क्षणभर पेटवते. हा दिवा केवळ शोभेसाठी नसतो. त्या क्षणी बॅटरीवर थोडा भार पडतो आणि भार पडला असता तिचा दाब किती उरतो हे यंत्र तपासून घेते. दाब साधारण साडेसात व्होल्टच्या खाली गेला, की दिव्याबरोबरच एक ‘टिव्’ होतो. आता थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि तिचा अंतर्गत रोध वाढतो. भिलाईत जानेवारीच्या पहाटे पारा बारा-तेरा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा संपत आलेली बॅटरी तपासणीत नापास होते; दुपारी तीच बॅटरी ऊब मिळताच पुन्हा कशीबशी उत्तीर्ण होते. त्यामुळे रात्री वाजणारे आणि दिवसा मुके होणारे यंत्र दिसले की पहिला संशय बॅटरीचाच घ्यावा. यंत्र विजेच्या तारेला जोडलेले असले तरी हेच लागू आहे. वीज गेल्यावर काम यावे म्हणून त्यातही बॅटरी असते आणि वाजते ती तीच.

बॅटरी बदलताना दोन चुका होतात. दुकानदाराकडून पहिली हाती येईल ती स्वस्त बॅटरी आणली जाते. ती साध्या जस्त-कार्बनची असली तर थोड्याच काळात तक्रार परत येते. अल्कलाइन किंवा लिथियम असे वेष्टनावर स्पष्ट लिहिलेली मागावी. पुन्हा भारित होणारी बॅटरीही सहसा येथे चालत नाही, कारण तिचा दाब मुळातच कमी असतो आणि नव्या बॅटरीलाही यंत्र म्हातारी समजते. दुसरी चूक अशी, की नवी बॅटरी घातल्यावरही एक-दोन वेळा आवाज आला की लोक घाबरतात. जुनी बॅटरी काढल्यावर यंत्राच्या आतील संचयकात थोडा विद्युत्-भार शिल्लक असतो. म्हणून बॅटरी काढून तपासणीचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे, तो भार संपू द्यावा, आणि मग नवी बॅटरी घालावी. जुनी बॅटरी मापकावर साडेआठ व्होल्ट दाखवते म्हणून ती बरी आहे असे मानू नये. मापक भार न टाकता मोजतो, यंत्र भार टाकून मोजते.

रुआबांध्याच्या त्या घरात अल्कलाइन बॅटरी घातली आणि पहाटेची कटकट थांबली. फेब्रुवारीत घराला रंग देण्यासाठी भिंती खरवडण्यात आल्या. धूरसूचक झाकून ठेवावा हे कोणाच्या ध्यानात आले नाही. रंगकाम संपून चार दिवस होतात न होतात तोच आवाज पुन्हा सुरू झाला, पण या वेळी भर दुपारी. घरच्या मुलाने दुसरी नवी बॅटरी आणून घातली. काही फरक पडला नाही. काकांनी मात्र शिडीवर न चढता खाली खुर्ची टाकली आणि हातात घड्याळ घेऊन चार-पाच मिनिटे नुसते पाहत राहिले. दिवा चमके तेव्हा आवाज येत नव्हता. आवाज येई तो दोन चमकांच्या साधारण मध्ये. ‘‘बॅटरी ठीक आहे,’’ काका म्हणाले, ‘‘डोळ्यात धूळ गेली आहे.’’

हा डोळा कसा असतो ते पाहू. डबीच्या आत एक काळी, बंदिस्त पण जाळीदार कोठी असते. तिच्यात एका बाजूला प्रकाश टाकणारा बारीक दिवा आणि तिरकस कोनात प्रकाश ओळखणारा डोळा बसवलेला असतो; दिव्याचा प्रकाश डोळ्यावर सरळ पडत नाही. धुराचे कण आत आले म्हणजे प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो, त्यातला काही डोळ्यापर्यंत पोहोचतो आणि गजर होतो. कोठी स्वच्छ असतानाही भिंतींवरून परतलेला अगदी थोडा प्रकाश डोळ्यावर पडत असतो, आणि यंत्र त्यावरूनच आपली दृष्टी शाबूत आहे की नाही याची मधूनमधून खातरी करून घेते. दिव्याच्या किंवा डोळ्याच्या तोंडावर धूळ साचली तर हा प्रकाश मंदावतो, आणि अनेक यंत्रे त्याची तक्रार दोन चमकांच्या मध्ये ‘टिव्’ करून नोंदवतात. उलट धुळीचे तंतू, कोळ्याचे जाळे किंवा चिलटासारखा किडा कोठीच्या मध्यावर आला तर प्रकाश जास्त विखुरतो आणि धुराविना पुरा गजर होतो. एकाच धुळीचे असे दोन निरनिराळे परिणाम होतात. सर्वच निर्मात्यांची खूण एकसारखी नसते, हे खरे; म्हणून डबीच्या मागे किंवा सोबतच्या पुस्तिकेत छापलेले कोष्टक एकदा वाचावेच.

सफाई सोपी आहे. यंत्र उतरवावे, बॅटरी काढावी, मऊ कुंचल्याच्या तोंडाचे धूळ ओढण्याचे यंत्र भोवतालच्या फटींवरून सावकाश फिरवावे. ते नसेल तर कोरडा, मऊ कुंचला आणि हवेची फुंकणी यांवर भागते. पाणी, साबण, रॉकेल यांतले काहीही लावू नये, आणि कोठी उघडण्याचा मोह आवरावा. त्या घरात फटींतून पांढऱ्या भुकटीचा चांगलाच थर निघाला आणि डबी परत बसवल्यावर आवाज थांबला. रंगकामाच्या दिवसांत डबीवर प्लास्टिकची पिशवी बांधावी, पण काम संपताच त्याच संध्याकाळी ती काढावी. पिशवीतला धूरसूचक धूर पाहू शकत नाही.

येथे गोष्ट संपली असती. परंतु सफाईसाठी डबी उतरवली तेव्हा तिच्या पाठीवरचा निर्मितीचा महिना काकांनी चष्मा लावून वाचला. तो 2014 सालातला होता. अशा यंत्राचे आयुष्य निर्मितीपासून दहा वर्षे धरतात. विकत घेतल्यापासून किंवा बसवल्यापासून नव्हे. त्या मुदतीत आतील दिवा मंदावतो, भाग जीर्ण होतात. नव्या घडणीच्या अनेक यंत्रांत काळ मोजणारे घड्याळ असते. मुदत सरली की ते बहुधा लागोपाठ दोन किंवा अधिक आवाजांची जोडी ठरावीक अंतराने देत राहते, आणि नवी बॅटरी घाला की सफाई करा, ते थांबत नाही. तेव्हा दोन्ही उपाय करूनही आवाज तसाच राहिला, तर दोष शोधत बसण्यापेक्षा पाठीवरचे साल वाचावे. परंतु रुआबांध्याचे यंत्र जुन्या घडणीचे होते. त्यात असे घड्याळ नव्हतेच. ते गप्प झाले होते, आणि बटण दाबताच मोठ्याने वाजतही होते. घरच्यांना वाटले, म्हणजे ठीकच आहे. बटणाने शिंग, बॅटरी आणि मंडल यांची परीक्षा होते. ओसरीतला धूर फटींतून कोठीत शिरतो की नाही, हे बटण सांगू शकत नाही. काकांनी ते यंत्र परत लावू दिले, परंतु नवे येईपर्यंतच.

जुन्याची विल्हेवाट लावताना पाठीवर किरणोत्साराचे चिन्ह किंवा अमेरिशियम असे नाव आहे का ते पाहावे. काही धूरसूचकांत प्रकाशाऐवजी अमेरिशियम-241 या किरणोत्सारी द्रव्याचा सूक्ष्म अंश हवेचे आयनीकरण करून धूर ओळखतो. बंद डबीत त्यापासून धोका नाही, मात्र ती फोडू नये, जाळू नये आणि भंगारवाल्याला देऊ नये. विक्रेत्याकडे परत करण्याची व्यवस्था विचारावी. आपल्या देशात अशा साधनांवर परमाणु ऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण आहे. रुआबांध्याच्या डबीवर असे काही नव्हते, ती प्रकाशाचीच होती, म्हणून ती विद्युत्-कचरा घेणाऱ्याकडे गेली. नवी डबी त्याच बोळात, शेगडीपासून तीन मीटरहून दूर आणि पंख्याच्या पात्यांपासून मीटरभर अंतरावर बसवली आहे, आणि तिच्या पाठीवर निर्मितीचा महिना छापलेला असूनही घरच्या बाईंनी काळ्या शाईने शेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: ‘2035’.