२५ रुपयांच्या पाकिटाचे उरलेले पैसे कोण भरतं?

कॉलेजच्या बिझनेस प्लॅन स्पर्धेत एक कल्पना दरवर्षी येतेच. गावातल्या बचत गटाने सॅनिटरी पॅड बनवायचे, गावातच विकायचे, बायकांना रोजगार, मुलींना स्वस्त पॅड. शेवटच्या स्लाइडवर किंमत लिहिलेली असते : आठ पॅडचं पाकीट फक्त २५ रुपयांत. टाळ्या पडतात, बक्षीसही मिळतं. पण हे २५ कुठून आले, हे कुणी विचारत नाही. बहुतेक वेळा ते ‘गावातल्या बाईला एवढं परवडेल’ या अंदाजातून आलेले असतात. अंदाज चुकीचा असेलच असं नाही. पण परवडणं दोन्ही बाजूंनी लागतं ना?

चला, आपणच हिशेब मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावात ते थोडे इकडेतिकडे होतील, पण गणिताची चाल तीच राहील.

छोट्या युनिटमधलं काम साधारण असं चालतं. लाकडाच्या लगद्याची शीट मशीनमध्ये कापसासारखी पिंजायची, साच्यात दाबून गादी करायची, वर नॉन-वोव्हन कापड आणि खाली प्लॅस्टिकचा थर लावून कडा सील करायच्या, चिकटपट्टी लावायची, यूव्ही दिव्याखाली निर्जंतुक करायचं आणि पाकीट भरायचं. कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांनी लोकप्रिय केलेली पद्धत हीच. चार बायका दिवसाला फार तर १,२०० पॅड, म्हणजे १५० पाकिटं काढू शकतात असं धरू.

आता खर्च. काही खर्च प्रत्येक पाकिटामागे होतो : कच्चा माल आणि वेष्टन मिळून १४ रुपये, घरोघर विकणाऱ्या ताईचं कमिशन ५ रुपये, वाहतूक दीड रुपया. झाले साडेवीस. काही खर्च मात्र पाकीट विकलं जावो न जावो, रोज होतोच. चार जणींची २५० रुपयांप्रमाणे मजुरी १,००० रुपये. भाडं, वीज, किरकोळ दुरुस्ती ३०० रुपये. तीन लाखांचं मशीन पाच वर्षं चालेल आणि वर्षाला २५० दिवस काम होईल असं धरलं, तर मशीनची झीज रोजची २४० रुपये. एकूण १,५४०.

पाकीट २५ ला विकलं की साडेवीस वजा जाऊन हातात राहतात साडेचार रुपये. रोजचे १,५४० भरून काढायला किती पाकिटं विकायला हवीत? ३४३. आणि मशीनची ताकद किती? १५०. म्हणजे ‘आधी स्वस्त विकू, खप वाढला की जमेल’ हे इथे कधीच जमणार नाही. गावोगाव पोस्टर लावा नाहीतर रील्स करा, मशीन दिवसाला १५० च्या वर जाणार नाही. हेच पाकीट ३२ ला विकलं तर साडेअकरा रुपये उरतात आणि १३४ पाकिटांवर गाडी सुटते. सात रुपयांचा फरक, पण एका बाजूला अशक्य आणि दुसऱ्या बाजूला अवघड पण शक्य.

मग २५ ला विकणारी युनिट्स चालतात कशी? खरी मेख इथे आहे. मशीन सीएसआर निधीतून फुकट आलेलं असतं, म्हणून त्याची झीज कुणी वहीत लिहीत नाही. आणि बायका ‘गटाच्याच’ असतात, म्हणून त्यांची मजुरी ‘नफा झाला की वाटून घेऊ’ या खात्यावर टाकली जाते. हे दोन आकडे पुसले की रोजचा खर्च उरतो फक्त ३०० रुपये. दिवसाला १०० पाकिटं विकली की साडेचारशे रुपये येतात आणि वहीत चक्क दीडशे रुपये नफा दिसतो! खरा हिशेब मांडला तर त्याच दिवशी १,०९० रुपयांचा तोटा झालेला असतो. तो तोटा चार बायकांनी बिनपगारी दिवस देऊन भरलेला असतो.

म्हणून माझं म्हणणं असं की, स्वस्त पाकीट ही दानत असेल, तर ती कुणाच्या खिशातून होते आहे हे आधी सांगा. गरीब बाईला स्वस्त पॅड मिळावा म्हणून दुसऱ्या गरीब बाईची मजुरी बुडत असेल, तर त्याला सामाजिक उद्योग म्हणायला माझी तयारी नाही. शिवाय तो टिकतही नाही. आधी एक जण शेतमजुरीला जायला लागते, मग दुसरी. सीलिंगचा हीटर किंवा यूव्हीची नळी गेली की बदलायला पैसे नसतात. दिवा बंद असताना पॅड भरले जायला लागले, तर ज्या आरोग्यासाठी हे सगळं केलं तेच धोक्यात येतं. असं युनिट बघायला गेलात, तर नफा विचारू नका. मागच्या महिन्याची मजुरी कुणाला, किती आणि कोणत्या तारखेला दिली, हे विचारा.

‘मग ३२ ला विका आणि मोकळे व्हा,’ असं कुणी म्हणेल. इतकंही सोपं नाही. एक तर दुकानात नावाजलेल्या कंपनीचं पाकीट त्याच्या आसपास मिळतं. दुसरं, जनऔषधी केंद्रातला ‘सुविधा’ पॅड २०१८ मध्ये अडीच रुपयांना एक असा आला आणि ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला मिळायला लागला. आपल्या हिशेबात एका पॅडचा कच्चा मालच दीड रुपयाच्या वर जातो. या किमतीशी स्पर्धा करणं छोट्या युनिटला शक्यच नाही आणि करूही नये. जीएसटीचंही तसंच. जुलै २०१८ मध्ये पॅडवरचा १२ टक्के कर गेला, तो जायलाच हवा होता. पण कच्च्या मालावरचा कर राहिला, आणि तयार माल करमुक्त असल्यामुळे त्याची वजावट मिळत नाही. तो कर निमूटपणे पाकिटाच्या किमतीत जाऊन बसतो.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : थोडीशी किंमतही माणसं गाळते. ‘फुकट दिलं की किंमत राहत नाही’ हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. जेसिका कोहेन आणि पास्कलिन द्युपा या अर्थतज्ज्ञांनी केनियात ते तपासून पाहिलं. गरोदर बायकांना दवाखान्यात मच्छरदाण्या दिल्या, काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी वेगवेगळ्या किमतींना. त्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. किंमत शून्यावरून ६० सेंटवर नेली की मच्छरदाणी घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के-अंकांनी घसरलं. आणि पैसे देऊन घेणाऱ्या बायका ती जास्त वापरत होत्या, असंही दिसलं नाही. पण मच्छरदाणी एकदा दिली की काही वर्षं पुरते, पॅड दर महिन्याला लागतो. फुकटचा पुरवठा चार महिने चालला आणि पाचव्या महिन्यात निधी संपला, तर मुलगी परत कापडावर जाते, आणि तोवर गावातली विक्रेती ताईही धंदा सोडून गेलेली असते.

थोडक्यात, २५ च्या वर गेलं तर गरीब गिऱ्हाईक गळतं, २५ वर राहिलं तर मजुरी बुडते. यातून वाट निघते ती एकाच प्रश्नातून : वापरणारीनेच सगळे पैसे द्यायला हवेत का?

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने हा प्रश्न कधीच सोडवला. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या कमाईवर तिथे गरिबांच्या मोफत किंवा अत्यल्प दरातल्या शस्त्रक्रिया चालतात. आपल्या युनिटला लावून बघू. रोजच्या १५० पैकी ४५ पाकिटं तालुक्याच्या गावातली वसतिगृहं, प्रसूतिगृहं यांना थेट ४० रुपयांना दिली. तिथे ताईचं कमिशन नाही, त्यामुळे पाकिटामागे साडेचोवीस रुपये राहतात, म्हणजे दिवसाला सुमारे १,१०० रुपये. उरलेले साडेचारशेच्या आतले रुपये गावातल्या २५ च्या ९८ पाकिटांतून निघतात. एकूण १४३ पाकिटं, मशीनच्या आवाक्यातली, आणि चौघींची मजुरी पूर्ण. २५ हा आकडा आता खोटा राहत नाही, कारण उरलेले पैसे कोण भरतं हे वहीत लिहिलेलं असतं.

याच्याही अडचणी आहेत. रोजची ४५ म्हणजे महिन्याला नऊशेच्या वर पाकिटं. मुलीमागे महिन्याला दीड पाकीट धरलं, तर २०० मुलींची अशी चार वसतिगृहं बांधून घ्यावी लागतील. संस्था बिल दोन-दोन महिने अडकवतात. तोवर लगदा आणायला खेळतं भांडवल बाजूला हवं, नाहीतर कागदावर नफा आणि गोदाम रिकामं. आणि दोन्हीकडे पाकीट एकसारखं असेल, तर गावातलं २५ चं पाकीट आठवडाभरात शहरातल्या दुकानात ३५ ला दिसेल. म्हणून शहरातला पॅड वेगळ्या आकाराचा, वेगळ्या वेष्टनातला हवा.

दुसरी वाट सरकारी पैशाची. राज्याच्या ‘अस्मिता’ योजनेत २०१८ मध्ये जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींसाठी आठ पॅडच्या पाकिटाची किंमत ५ रुपये ठेवली होती, वरचा भार सरकारचा. त्यात बचत गटांनी पॅड बनवायचे नव्हते, विकायचे होते. मला हा बारकावा मोलाचा वाटतो. लगदा पिंजण्यात छोटा गट मोठ्या कारखान्याला कधीच हरवू शकणार नाही. पण ज्या गावात मुलगी दुकानदार काकांकडे पॅड मागायला लाजते, तिथे ओळखीच्या ताईने दारात आणून देणं ही गटाचीच ताकद. आपल्या हिशेबातले ते ५ रुपये कमिशन म्हणूनच कापू नका. किंमत कमी करायची म्हटली की पहिली कात्री तिथेच लागते आणि पाकिटं खोक्यात पडून राहतात.

तेव्हा यंदाच्या स्पर्धेत अशी स्लाइड दिसली, किंवा तुम्हीच ती बनवत असाल, तर २५ च्या शेजारी तीन आकडे लिहायला लावा : बनवणारीची रोजची मजुरी, विकणारीचं कमिशन आणि उरलेले पैसे देणाऱ्याचं नाव. तिसरी जागा कोरी असेल, तर ते पैसे पहिल्या दोघींच्याच खिशातून जाणार आहेत.