पाव मीटर जादा!

मंडळी, "सुती कापड आटतं, म्हणून पाव मीटर जादा घ्यावं" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. आज त्याच्याशी भांडायचे ठरवले आहे.

निमित्त घडले ते असे. माझ्या धाकट्या जाऊबाईंनी पुतण्याच्या कुर्त्यासाठी जाडसर खादी घेतली. शिंप्याने अडीच मीटर सांगितले होते, यांनी पावणेतीन घेतले आणि तसेच शिवायला टाकले. पहिल्याच धुण्यात १०० सेंटीमीटरचा कुर्ता ९३ वर आला आणि बाह्या मनगटाच्या वर चढल्या. "अहो ताई, पाव मीटर जादा घेतलं होतं की!" घेतले होते खरे, पण ते गेले कुठे? शिंप्याने उरलेल्या कापडाची पिशवी शिवून दिली होती. ती पिशवीही आटली.

यातली चूक उघड आहे. जादा कापड कपाटात किंवा पिशवीत राहून कुर्त्याला काय उपयोग? कापड आधी धुवून आटवायचे आणि मग बेतायचे, तरच जादा घेण्याला अर्थ. मागावर धागे ताणलेले असतात. पाणी लागले की ते फुगतात, ताण सुटतो आणि कापड आखडते. किती आखडेल हे विणीवर, सुतावर आणि गिरणीत त्यावर काय संस्कार झाले त्यावर अवलंबून. नीट सॅनफोराइज केलेले कापड जेमतेम एखादा टक्का आटते. त्याला पाव मीटर म्हणजे पैसे वाया, आणि खादीला तेच अपुरे. मग सगळ्यांना एकच माप कसे चालेल?

म्हणून मी दुसऱ्या वेळी त्याच खादीचा पाव मीटर, पूर्ण पन्ह्याचा, आधी विकत आणला. दुकानदाराला ताका बाजूला ठेवायला सांगितला, कारण दुसरा ताका निराळा आटू शकतो. चार बोटांची चिंधी मात्र चालत नाही. पाच सेंटीमीटरवर मोजताना एक मिलिमीटर चुकला तरी दोन टक्क्यांची चूक होते. वीस सेंटीमीटरवर तीच चूक अर्धा टक्का. कडांचे धागे सुटतात म्हणून कडेपासून आत, काठाला समांतर २० आणि आडवे ५० सेंटीमीटर अंतर रंगीत दोऱ्याच्या टाक्यांनी खुणावले. कापड घरात जसे धुतले जाणार तसेच धुवून वाळवले, न ताणता इस्त्री केली आणि मोजले.

पहिल्या धुण्यानंतर उभे १८.८ भरले. इथेच थांबू नये. दुसऱ्यानंतर १८.६ झाले, तिसऱ्यानंतरही तेवढेच. म्हणजे २० मध्ये १.४ गेले, सात टक्के. आडवे ५० चे ४८.५ झाले, तीन टक्के.

आता हिशेब. पुष्कळ जण अडीच मीटरमध्ये त्याचेच सात टक्के मिळवतात. पण आटणार आहे ते विकत घेतलेल्या कापडाच्या सात टक्के. धुतल्यावर प्रत्येक मीटरचे ९३ सेंटीमीटर उरणार, म्हणून हव्या असलेल्या लांबीला ०.९३ ने भागायचे, गुणाकार नाही. सात टक्क्यांना फरक एखाददोन सेंटीमीटरचा पडतो, पण आटणे वाढले की तोही वाढतो.

त्याहून मोठी गोष्ट पन्ह्याची, आणि तिचा विचार कोणीच करत नाही. ९० सेंटीमीटरचा पन्हा धुतल्यावर ८७ राहिला. लांबी कितीही जास्त घेतली तरी पन्हा वाढत नाही. मी शिंप्याला ८७ चा पन्हा सांगून पुन्हा बेत मांडायला लावला. बाजूला बसणारी बाही आता तिथे बसेना, तेव्हा त्याने अडीचऐवजी दोन मीटर सत्तर मागितले. २.७० भागिले ०.९३ म्हणजे २.९० च्या किंचित वर. मोजण्यातली चूक धरून मी २.९५ घेतले, तुकड्याप्रमाणेच सगळे धुतले आणि मगच शिंप्याकडे दिले. जाऊबाईंचे पावणेतीन मीटर धुतल्यावर जेमतेम २.५६ झाले असते. म्हणजे त्यांनी आधी धुतले असते तरी चौदा सेंटीमीटर कमीच पडले असते.

"एवढा खटाटोप कोण करतो? आणि तो तुकडा वाया जातो त्याचं काय?" असे जाऊबाई म्हणतातच. साध्या पोलक्यासाठी मीही करत नाही, कापड भिजवून वाळवते आणि मग बेतायला देते. पण महागाचे कापड असेल, किंवा पन्ह्यात बेत अगदी घट्ट बसत असेल, तर पाव मीटर आधी घ्या, आंधळेपणाने नंतर नको. माझ्या तुकड्याचे कुर्त्याला अस्तराचे खिसे झाले. ते आता आटणार नाहीत.

असो. पुतण्याने दुसरा कुर्ता चार वेळा धुतला आहे. बाह्या मनगटावरच आहेत.