तोडीची चिठ्ठी

परंडा तालुक्यातल्या आपल्या गावातून रफिक एका दैनिकाला बातम्या पाठवायचा. पगार नव्हता. जाहिरात आणली तर कमिशन, एवढंच. घर चालायचं ते अब्बांच्या दोन एकर उसावर.

गल्लीतला सिमेंटचा रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला. रफिकने १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज दिला. ३० दिवसांची मुदत संपता संपता मोजमाप पुस्तिकेच्या प्रती हातात आल्या. पुस्तिकेत काँक्रीटची जाडी होती १५ सेंटिमीटर. नळासाठी रस्ता फोडला होता तिथे त्याने टेप लावली, तर ९ भरली. कडेला काँक्रीट पातळ असू शकतं, म्हणून मधोमध फुटलेल्या आणखी दोन जागा मोजल्या. १० आणि साडेनऊ. टेपसकट फोटो काढले आणि गुत्तेदाराला फोन केला. "काम नियमानुसारच आहे," तो म्हणाला. बातमीत तेही आलं.

धमकी कुणीच दिली नाही. उलट गुत्तेदार चौकात दिसला की स्वतःहून सलाम करायचा, अब्बांची तब्येत विचारायचा.

आठवड्याने जिल्हा कार्यालयातून फोन आला. "वर्धापनदिनाच्या जाहिराती थांबल्यात रे. मोजणीत चूक झाली म्हणून दोन ओळींचा खुलासा पाठव."

जुम्म्याच्या नमाजनंतर एका बुजुर्गांनी अब्बांचा हात धरला. "मुलाला समजवा. गावात राहायचंय आपल्याला."

मग ऊसतोडीची टोळी शेजारच्या बांधापर्यंत आली आणि रफिकचं रान सोडून पुढे गेली. चिटबॉय नजर चुकवत म्हणाला, "चाचा, यादी वरून येते." उसाला तुरा आला होता. आता दिवसागणिक वजन घटणार होतं.

तालुक्याच्या एका पत्रकार मित्राला त्याने विचारलं. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याचा २०१७ चा कायदा आहे. पण तोडीची चिठ्ठी उशिरा आली, यात हल्ला कुठला दाखवायचा?

रात्री रफिक खुलासा लिहायला बसला. अम्मीने चहा ठेवला, काही बोलली नाही. अब्बा खाटेवरून म्हणाले, "बेटा, टेप चुकली होती का?"

"नाही अब्बा. तीन जागी लावली होती."

अब्बांनी कूस बदलली.

त्याने कार्यालयाला लिहिलं: 'गावासमोर रस्त्याच्या कोअर काढा. जाडी १५ भरली तर माझ्या नावानिशी माफी छापा.' उत्तर आलं नाही. पुढच्या आठवड्यात गावच्या बातमीवर दुसऱ्याच वार्ताहराचं नाव होतं.

फजरनंतर अब्बांनी त्याला हाक मारली. दारात भाड्याचा ट्रॅक्टर उभा होता.

"गुऱ्हाळवाला टनाला कमीच देतोय," ते कोयता पुसत म्हणाले, "पण त्याला चिठ्ठी लागत नाही. चल, ऊन व्हायच्या आत एक खेप भरू."