ओठांचे तीन फोटो

करंजाड्याहून एका भगिनीने व्हॉट्सअॅपवर तीन फोटो पाठवले आहेत. एक आठ वर्षांच्या मुलाच्या ओठांचा, दुसरा शौहरच्या आणि तिसरा सासूबाईंच्या. सोबत एकच ओळ: ‘थंडीने सगळ्यांचेच ओठ फुटलेत, कोणती मलम लावू?’ आम्ही फोटो मोठे करून पाहिले. फुटलेले ओठ फक्त मुलाचे आहेत.

मुलाच्या दोन्ही ओठांवर सालपटे आहेत, उभ्या बारीक भेगा आहेत, पाण्याचा फोड मात्र एकही नाही. खालच्या ओठाखाली त्वचेवर लालसर पट्टा दिसतो, अगदी जीभ पोहोचते तिथपर्यंत. म्हणजे मूल ओठ चाटते आहे. लाळ वाळते तशी ओठ आणखी कोरडे करते, मग तो पुन्हा चाटतो. साधे, बिनवासाचे व्हॅसलीन दिवसातून पाच-सहा वेळा लावा; वजूनंतर ओठ किंचित ओले असतानाच लावले तर चांगले टिकते. पुदिना-मेंथॉलचे झोंबणारे बाम नकोत, सालपटे ओढून काढणे तर नकोच. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा तोंडाचे कोपरे वारंवार चिरू लागले, तर डॉक्टरांना दाखवा. कोपऱ्यांच्या चिरांमागे बुरशी असते, कधी लोह किंवा बी-१२ची कमतरता.

दुसऱ्या फोटोने मात्र आम्ही ताबडतोब फोन उचलला. शौहरच्या वरच्या ओठाच्या एकाच बाजूला, ओठ आणि त्वचा मिळतात त्या कडेवर, लाल बुडावर मोहरीएवढे चार-पाच फोड घोसासारखे चिकटून बसलेले. हे कोरडेपणाचे काम नव्हे. घरात ‘ताप फुटला’ म्हणतात तो हाच प्रकार, नागीण गटातल्या हर्पिस विषाणूचा. विचारल्यावर कळले की आदल्या दिवशी त्याच जागी चुणचुण होत होती, आणि मागच्या वर्षीही तिथेच फोड आले होते. चुणचुण, घोस आणि तीच जागा, या तिन्ही गोष्टी जुळल्या की शंका फारशी उरत नाही. फोड दोन-तीन दिवसांत फुटतात, पिवळट खपली धरते आणि साधारण आठ-दहा दिवसांत बरे होते. खपली धरल्यावर काढलेला फोटो फुटलेल्या ओठासारखाच दिसतो, म्हणून पहिल्या दिवसाचा फोटो जपून ठेवावा.

फोन करण्याचे कारण वेगळेच होते. घरात अठरा दिवसांचे बाळ होते आणि अब्बा त्याचे मुके घेत होते. मोठ्यांना जे आठवड्यात बरे होते ते महिन्याच्या आतल्या बाळाच्या मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत पोहोचू शकते. आम्ही सांगितले: खपली पूर्ण पडेपर्यंत मुका नाही, फोडाला हात लागला तर साबणाने धुवायचा, कप आणि टॉवेल वेगळा. बाळ दूध कमी ओढू लागले, सुस्त झाले, ताप आला, अंग गार पडले किंवा अंगावर एक जरी फोड दिसला, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठायचे आणि घरात ओठावर फोड असल्याचे तिथे आधी सांगायचे. अल्लाहच्या कृपेने बाळ ठीक आहे.

शौहरने घरातली खाज-गजकर्णाची मलम लावली होती, ती थांबवली. त्यात बहुधा स्टेरॉइड असते आणि त्याने हा विषाणू फोफावतो. असायक्लोव्हिर मलम चुणचुण सुरू होताच लावली तर थोडा फायदा देते, उशिरा लावून नाही. डोळा लाल होऊन दुखू लागला, फोड पसरत गेले, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर.

सासूबाईंचा फोटो राहिला. खालच्या ओठावर एक तपकिरी ठिपका. सपाट, न दुखणारा, ना सालपट ना फोड. असे एकटे, रेखीव कडेचे, एकसारख्या रंगाचे डाग बहुतेक निरुपद्रवी असतात. अडचण ही की फोटोत डाग सपाट आहे की उंच, मऊ आहे की कडक, हे कळत नाही. आणि सासूबाई तीस वर्षे मिश्री लावतात! म्हणून आम्ही त्यांना त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवले. कामोठ्याचे एमजीएम जवळ आहे. डाग वाढला, दोन रंगांचा झाला, रक्त आले, किंवा तंबाखू-मिश्रीवाल्यांच्या ओठावरची जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर फोटोवर विसंबू नये. लहान मुलाच्या ओठांवर आणि गालाच्या आत असे पुष्कळ ठिपके दिसले तरीही दाखवावे, कारण एका आनुवंशिक आजारात आतड्यात गाठी असतात.

पुढच्या वेळी फोटो पाठवाल तेव्हा लिपस्टिक पुसा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश आणि ब्युटी फिल्टर बंद करून मागच्या कॅमेऱ्याने काढा. एक समोरून, एक बाजूने. तारीख आणि त्रास कधी सुरू झाला हे लिहा. आणि घरात तान्हे बाळ असेल तर ते पहिल्याच ओळीत लिहा.